आजोबांचं सप्ताहातलं भाषण नीट करून देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात अखंड हरिनाम सप्ताह असतो. काल्याच्या दिवशी कीर्तनाआधी ज्येष्ठांपैकी एकाला चार शब्द बोलायला सांगतात. यंदा पाळी आपल्या आजोबांची. त्यांनी फुलस्केपवर शाईच्या पेनाने सात-आठ पानं लिहून काढलेली असतात आणि ती घरातल्या शिकलेल्या पोराच्या हातात येतात, "जरा नीट करून दे" म्हणून. अशा नातवंडांकडून, मुलींकडून, सुनांकडून जे प्रश्न नेहमी येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. उदाहरणं वारकरी सप्ताहातली आहेत, कारण मला तोच मांडव जवळून माहीत आहे.

सुरुवात कुठून करू? आधी टाईप करून घेऊ का?

नको. आधी ऐका. आजोबांना कागद हातात देऊन मोठ्याने वाचायला सांगा आणि त्यांना सांगूनच मोबाईलवर रेकॉर्ड करा. ते वाचत असताना कागदाची एक झेरॉक्स तुमच्या हातात असू द्या आणि तिच्यावर फक्त तीन खुणा करा. ते जिथे अडखळले तिथे एक, कागदावरचं सोडून वेगळंच बोलले तिथे दुसरी, आणि कागद खाली ठेवून आपल्याकडे बघत बोलायला लागले तिथे तिसरी.

ही तिसरी खूण सगळ्यांत कामाची. तिथे त्यांचा खरा आवाज सापडतो. कागदावर "त्या काळी अन्नदानाची परिस्थिती बिकट होती" असं असतं आणि तोंडून येतं, "घरटी पायलीभर जवारी गोळा करायचो, तेवढ्यात सात दिवस काढायचे." भाषणात जायला हवं ते दुसरं वाक्य. ते त्यांनीच दिलंय, फक्त कागदावर लिहिलेलं नाही. शाळेत निबंध लिहायला शिकलेला माणूस पेन हातात घेतला की निबंधाच्या भाषेत शिरतो, आणि ऐंशी वर्षांचा माणूसही त्याला अपवाद नाही.

मूळ कागदावर पेन चालवू नका. तो तसाच राहू द्या.

पाच मिनिटं दिली आहेत. सात पानांचं काय करायचं?

एक पान वाचायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा आणि पानांनी गुणा. वय झालेला माणूस माईकवर मिनिटाला ऐंशी ते शंभर शब्दांच्या पुढे जात नाही. मध्ये लोक "पुंडलिक वरदा" म्हणतात, आजोबा चष्मा सारखा करतात, पान उलटतात. म्हणजे पाच मिनिटांचं भाषण साडेचारशे शब्दांच्या आत बसवायला हवं. बारीक अक्षरातली दोन पानं झाली.

कापताना प्रत्येक परिच्छेदातून थोडं थोडं काढू नका. त्याने सगळंच विरळ होतं. अख्खा प्रसंग काढा किंवा अख्खा ठेवा. बहुतेक भाषणांत पहिला दीड पान मान्यवरांच्या नावांत गेलेला असतो आणि शेवटचं पान देणगीदारांच्या आभारात. आभार मानायला मंडळाचा दुसरा माणूस असतोच. ती यादी त्याच्या हाती द्या आणि आजोबांना तसं स्पष्ट सांगा: "आजोबा, नावं मंडळाचे अध्यक्ष घेणार आहेत, तुमचा वेळ त्यात जायला नको." हे त्यांना सहसा पटतं. नाव राहिलं तर कोणी रुसेल, ही त्यांची खरी काळजी असते. ती मिटली की ते यादी सोडून देतात.

त्यांनी "नाहीं", "कांही", "तेंव्हा", "देवळांत" असं लिहिलंय. हे सगळं चुकीचं का?

त्यांच्या शाळेत ते बरोबरच होतं. आज चालणारे शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने केले आणि १९६२ मध्ये सरकारने ते स्वीकारले. पुढे १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. ज्याचा उच्चार होत नाही तो अनुस्वार त्या वेळी गेला. त्याच्या आधी ज्यांनी लिहायला शिकलं, त्यांच्या हाताला ते टिंब लागलेलं आहे. म्हणून आजोबांसमोर लाल पेनाने टिंबं खोडत बसू नका. टाईप करताना आपोआप आजचं लेखन येऊ द्या. ते वाचतील तेव्हा उच्चार तोच असेल.

एका ठिकाणी मात्र ही टिंबं जशीच्या तशी ठेवायची: ओव्या आणि अभंग. नियमांतच तशी तरतूद आहे, केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळाप्रमाणे छापायचं. म्हणजे आजोबांच्या गद्यातलं "नाहीं" आपण "नाही" करायचं, पण पसायदानातलं "येणें वाग्यज्ञें तोषावें" तसंच राहतं. सगळ्या पानावर एकदम शोधा-आणि-बदला चालवलं की नेमकं इथेच पाणी शिरतं.

बोलीभाषेतले शब्द ठेवायचे का? लोक हसणार नाहीत ना?

मांडवात बसलेले लोक त्याच भाषेत बोलतात, हसतील कशाला? ही भीती गावाची नसते, पुण्या-मुंबईहून आलेल्या आपल्यासारख्यांची असते.

तरी सरसकट नियम नको. मी असं बघतो. "आनि", "पानी" असं लिहिलं असेल तर "आणि", "पाणी" टाईप करतो. त्यांच्या जिभेवर "पानी"च येणार आहे, कागदावर काहीही असो, आणि उद्या तो कागद कोणी स्मरणिकेत छापायला घेतला तर नजरेला खटकणार नाही. "समदे", "लई", "कालवण", "मेढी", "बलुतं", "आवतण" यांसारखे शब्द मात्र जागचे हलवत नाही. "समदे"चं "सर्वजण" केलं की वाक्य त्यांचं राहत नाही. क्रियापदांबद्दल त्यांच्या वाचण्यावर विश्वास ठेवा. त्यांनी "सांगितले होते" लिहिलं आणि वाचताना "सांगितलं होतं" म्हणाले, तर "सांगितलं होतं" टाईप करा.

शब्द काढण्यापेक्षा घालण्याचा मोह जास्त घातक. "मोलाचे योगदान", "सदर कार्यक्रम", "देदीप्यमान परंपरा", "याप्रसंगी" हे शब्द आजोबांच्या कागदावर नसतील तर तुमच्या हातून येता कामा नयेत. ते पत्रिकेवर शोभतात.

एखादा परिच्छेद प्रत्यक्ष करून दाखवाल का?

हा घ्या. गावच्या पासष्टाव्या सप्ताहासाठी एका आजोबांनी लिहिलेलं असं असतं:

"तेंव्हा सप्ताहाला मांडव नव्हता आम्हीं बाभळीच्या मेढी रोवून वर कडब्याच्या पेंढ्या टाकायचो व पाऊस आला कीं समदे देवळांत व वीणा मात्र कधीं खाली ठेवली नाहीं कारण वीणा खाली ठेवायची नसते हें आम्हाला अण्णांनी सांगितले होते तेंव्हा लाईट नव्हती कंदिलाच्या उजेडांत पोथी वाचली जात असे व मी तेंव्हा नववीला होतो."

एकच वाक्य आहे, श्वास घ्यायला जागा नाही. पण मालमसाला सगळा आहे. पहिलं काम पूर्णविरामांचं. दुसरं, "मी तेंव्हा नववीला होतो" शेवटी आलंय, ते पुढे आणायचं. ऐकणाऱ्याला आधी कळू दे की हा पंधरा वर्षांचा पोरगा सांगतोय, मग मेढी कोणी रोवल्या ते डोळ्यांपुढे उभं राहतं. तिसरं, लाईट आणि कंदील मांडवाच्या शेजारी हवेत, आणि वीणा सगळ्यांत शेवटी, कारण परिच्छेदातली सगळ्यांत वजनदार गोष्ट ती आहे.

चौथं काम व्याकरणाचं वाटतं, पण आहे माहितीचं. "पोथी वाचली जात असे" हे जड झालंय, म्हणून हात "आम्ही पोथी वाचायचो" असं करायला शिवशिवतो. थांबून विचारावं: "आजोबा, पोथी कोण वाचायचं?" उत्तर येतं, "अण्णा वाचायचे, आम्ही त्यांच्या मागनं." पारायणात व्यासपीठावरचे पुढे वाचतात आणि बाकीचे त्यांच्या मागोमाग. नववीतल्या पोराने पोथी चालवली असं भर मांडवात वाचलं गेलं असतं, तर समोरच्या चार म्हाताऱ्यांनी तिथेच एकमेकांकडे पाहिलं असतं. "केले जात असे", "दिले गेले" अशी रचना दिसली की तिच्यामागे एखादा माणूस लपलेला असतो. तो कोण हे विचारल्याशिवाय ती मोडू नका.

झालेलं असं:

"मी तेव्हा नववीला होतो. सप्ताहाला मांडव नव्हता. आम्ही बाभळीच्या मेढी रोवायचो, वर कडब्याच्या पेंढ्या टाकायचो. लाईट नव्हती. कंदिलाच्या उजेडात अण्णा पोथी वाचायचे, आम्ही त्यांच्या मागनं. पाऊस आला की समदे देवळात! वीणा मात्र कधी खाली ठेवली नाही. वीणा खाली ठेवायची नसते, हे आम्हाला अण्णांनी सांगितलं होतं."

"कारण" गेलं, दोन "तेंव्हा" गेले, "व" सगळे गेले. नवा शब्द म्हणाल तर फक्त "आम्ही त्यांच्या मागनं", आणि तोही त्यांच्याच तोंडचा. "वीणा" लागोपाठ दोनदा आलीय म्हणून दुसरी काढायला जाल, तर काढू नका. ती ऐकायला बरोबर आहे. कानाला पुन्हा पुन्हा येणारा शब्द आधार वाटतो, डोळ्याला तो अडचण वाटतो. आपण डोळ्याने तपासत असतो, हे लक्षात असू द्या.

अभंग आणि ओव्या त्यांनी आठवणीतून लिहिल्या आहेत. तपासू का? चुकलं म्हटलं तर राग येईल.

तपासा. सप्ताहाच्या मांडवात प्रत्येक तिसऱ्या माणसाला गाथा पाठ असते. आजोबांचा मान जपायचा असेल तर तो इथेच जपायचा.

सगळ्यांत जास्त घोटाळा नावाचा होतो. "ज्ञानदेवें रचिला पाया" लिहून वर "तुकाराम महाराज म्हणतात" असं लिहिलेलं मी अनेक कागदांवर पाहिलंय. तुकोबा स्वतःच "तुका झालासे कळस" म्हणतील का, एवढा विचार केला तरी पुरे. तो अभंग संत बहिणाबाईंचा, त्यांच्याच नाममुद्रेचा. इथे लगेच दुसरा खड्डा येतो. या बहिणाबाई म्हणजे सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या, शिऊरच्या. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, त्यांचा काळ १८८० ते १९५१. नातवाने नाव दुरुस्त करायला जावं आणि शाळेच्या पुस्तकात वाचलेल्या बहिणाबाई लिहून ठेवाव्यात, असंही होतं. तसंच "केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे" हे समर्थांचं, ते तुकोबांच्या नावावर जाऊ देऊ नका. "कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी" सावता माळ्यांचं.

तपासायची सोपी खूण म्हणजे अभंगाचा शेवटचा चरण. तिथे नाममुद्रा असते: "तुका म्हणे", "नामा म्हणे", "एका जनार्दनीं", "चोखा म्हणे", आणि ज्ञानेश्वर महाराजांची "बापरखुमादेवीवरु". आजोबांनी मधलाच चरण लिहिला असेल तर पूर्ण अभंग काढून शेवट बघा. मोबाईलवर फिरणाऱ्या सुंदर चित्रांवर "तुका म्हणे" असं छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. गाथ्यात सापडलं नाही तर "संत म्हणतात" एवढंच ठेवावं.

शब्दांत फरक दिसला तर लगेच चूक म्हणू नका. ज्ञानेश्वरीच्या आणि गाथ्याच्या प्रतींमध्ये पाठभेद आहेत. त्यांच्या फडावर, त्यांच्या गुरूंकडे जो पाठ म्हटला जातो तो त्यांनी लिहिलाय का, हे बघायचं. घरात ते ज्या प्रतीतून रोज वाचतात तीच उघडा. "आजोबा, तुमच्या पोथीत असं आहे, कागदावर असं आलंय, कोणतं ठेवू?" असं विचारलं की राग यायचं कारण उरत नाही, कारण त्यांना चुकीचं ठरवणारी त्यांचीच पोथी असते. शंका राहिलीच तर आळंदीला शिकलेला एखादा कीर्तनकार पंचक्रोशीत असतोच, त्याला फोन करा.

आणि सालं बघा. ज्ञानेश्वरी नेवाशाला झाली ती शके १२१२ मध्ये. घाईत "सन १२१२" लिहिलं जातं. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे इसवी सन १२९०.

"वै." आणि "कै.", "ह.भ.प." आणि "श्री." यांचं काय करायचं?

आजोबांनी "वै." लिहिलं असेल तर त्याला हात लावू नका. वारकऱ्याच्या नावाआधी वैकुंठवासी येतं, कैलासवासी नाही. संपादन करणारा शहरातला असला की हमखास "कै." करून ठेवतो आणि मांडवात ते कानाला टोचतं.

कागदावर मात्र ही संक्षिप्त रूपं सोडवून लिहा: "वैकुंठवासी", "हरिभक्तपरायण". माईकपुढे उभं राहिल्यावर "वै." दिसलं की वाचणारा क्षणभर थबकतो. नावांचा क्रम बदलायचा असेल तर विचारल्याशिवाय बदलू नका. आपल्याला तो कसाही लावलेला वाटतो. त्यात कोण आधी गेलं, कोणाचं घर मोठं, कोणाशी पूर्वी बिनसलं होतं, असं बरंच काही असतं.

भाषण एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारतं. क्रम कसा लावू?

झेरॉक्सचे परिच्छेद कात्रीने कापा, पलंगावर किंवा सतरंजीवर मांडा आणि आजोबांना शेजारी बसवून त्यांच्याच हाताने लावून घ्या. स्क्रीनवर हे होत नाही, कारण त्यांना सगळं एकदम दिसत नाही. वर्षांच्या क्रमाने लावायचा आग्रह धरू नका. म्हातारी माणसं एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे जातात, कंदिलावरून तेलाकडे, तेलावरून ते तेल देणाऱ्या घराकडे. तो धागा ऐकणाऱ्याला पकडता येतो. तुटतो तिथे एक जोडवाक्य लागतं, आणि ते तुम्ही लिहिण्यापेक्षा त्यांना विचारा, "इथून तिकडे कसं गेलात?" उत्तर हेच जोडवाक्य.

त्यांनी हल्लीच्या पोरांवर, डीजेवर, मंडळाच्या राजकारणावर कडक लिहिलंय. काढू का?

परस्पर काढू नका. तो त्यांचा अधिकार आहे, आणि काढलंत तरी ते माईकवर आठवून बोलतीलच, कागदाशिवाय आणि जास्त तिखट. मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. एखाद्याचं नाव किंवा ओळखू येईल अशी खूण असेल तर आजोबांशी बोलून ती काढायचा आग्रह धरतो. काल्याच्या दिवशी, तोंडात गोपाळकाला पडायच्या आधी, कोणाला त्याच्या बायकामुलांसमोर खाली बघायला लावू नये, हे त्यांनाही मनातून माहीत असतं. नाव नसेल आणि नुसती नाराजी असेल तर ती राहू द्या, फक्त जागा बदला. भाषणाच्या शेवटी असलेली टीका मधे घ्या आणि तिच्यापाठोपाठ त्यांच्या स्वतःच्या पोरपणीचा प्रसंग आणा. "आम्ही बी काही साधे नव्हतो, प्रसादाच्या बुंदीवर डल्ला मारायचो" असं एक वाक्य आलं की मागच्या बाजूला उभी असलेली पोरंही ऐकायला लागतात.

बदललेलं त्यांना आवडलं नाही तर?

दोन्ही मजकूर मोठ्याने वाचून दाखवा, आधी त्यांचा, मग तुमचा. वाचायला देऊ नका, ऐकवा. ज्या वाक्याला ते "हे माझं न्हाई" म्हणतील ते मूळ जागी ठेवा, व्याकरण अर्धवट राहिलं तरी. "मला असं म्हणायचं होतं" म्हणून ते तिसरंच काही बोलले तर ते उचला. बहुतेक वेळा तिसरंच सगळ्यांत चांगलं असतं.

आदल्या रात्री ते पुन्हा चार ओळी वाढवतील. हे गृहीत धरा आणि प्रिंट दोन दिवस आधी काढू नका.

प्रिंट कशी काढू?

अक्षर किमान वीस पॉईंटचं, ठळक, ओळींमध्ये दीडपट अंतर. युनिकोडमध्ये टाईप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाईल गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे उघडली की जोडाक्षरं विस्कटतात. ए-फोर कागदाच्या एकाच बाजूला छापा. वाक्य पानाच्या शेवटी तुटू देऊ नका, खाली रिकामी जागा राहिली तरी चालेल. जिथे श्वास घ्यायचा तिथे ओळ तोडा. पानांना मोठे आकडे घाला आणि स्टेपल करू नका, एका हातात माईक असताना पान उलटता येत नाही. वाचलेलं पान मागे सरकवता आलं पाहिजे. अभंग वेगळ्या परिच्छेदात, थोडा आत घेऊन. तिथे त्यांचा सूर बदलणार असतो आणि नजरेला ती जागा आधी दिसायला हवी.

प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यायची आयडिया चांगली वाटते, पण मांडवातल्या हॅलोजनखाली ती चकाकते आणि काही दिसत नाही.

इतकं करून ते कागद न बघताच बोलले तर मेहनत वाया गेली का?

नाही. दोन-तीनदा मोठ्याने वाचल्यावर क्रम डोक्यात बसतो, तेच निम्मं काम. कागद खिशात असूनही तोंडपाठ बोलणारे पुष्कळ आहेत. अशांसाठी मी एक वेगळं कार्ड करतो, पोस्टकार्डाएवढं. त्यावर फक्त जे चुकून चालणार नाही तेवढंच: वैकुंठवासी मंडळींची नावं क्रमाने, अभंगाचा पहिला चरण आणि तो कोणाचा, सप्ताहाचं कितवं वर्ष, आणि शेवटचं वाक्य. बोलणाऱ्याला सुरुवात नेहमी सापडते, शेवट सापडत नाही, म्हणून शेवटचं वाक्य ठळक. त्याच्याखाली "पुंडलिक वरदा हरि विठ्ठल" लिहायची गरज नाही. मृदंगावर थाप पडली की ते समदे मिळून म्हणतातच.